उलट्या बाटलीची रात्र

फोनवर फोटो आला तेव्हा मी अंगणातल्या पडवीत टेप लावत बसले होते. फोटोत साडी होती. कुणबी साडी, तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांची, आणि तिच्या घडीवर काळपट जांभळा, हाताच्या पंजाएवढा डाग. डागाच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली होती. ती रेघ पाहिली आणि मला दुसरं काही विचारायची गरज उरली नाही. ते कोकमाचं आगळ होतं, आणि माझ्याच पडवीतून गेलं होतं.

चवथीला दोन आठवडे उरले होते. मी म्हार्दोळला राहते. आजूबाजूच्या गावांतल्या सात-आठ बायका घरी बसून जे विकतात, ते बांधून, लेबल लावून कुरियरच्या हाती द्यायचं काम मी करते. सावई-वेऱ्याच्या वयनीचं आगळ आणि सोलं, प्रियोळच्या काकींचे पापड, केरीतल्या एकीच्या हातच्या मेणबत्त्या, आणि फोंड्यात राहणाऱ्या एका मुलीच्या साड्या. सगळ्यांचा माल दुपारपर्यंत माझ्या पडवीत येतो आणि संध्याकाळी चार-साडेचारला पिकअपवाला येऊन घेऊन जातो. त्या दिवशी वयनीच्या दोन बाटल्यांचं पार्सल डोंबिवलीला निघालं होतं आणि साडी ठाण्याला. दोन्ही एकाच मोठ्या पिशवीत पडली. एकीचं पार्सल गळलं आणि दुसरीचा माल बाद झाला.

डोंबिवलीच्या बाईंनी तक्रारसुद्धा केली नव्हती. त्यांना वाटलं, थोडं सांडलंय, बाकीचं तर आहे. चवथीच्या सोलकढीला पुरेल. ठाण्याच्या ग्राहकाने मात्र साडी परत पाठवली, आणि का पाठवू नये? फोंड्याच्या त्या मुलीला मी सांगायला गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ताई, माझं पार्सल तर नीट होतं ना?" तिचं पार्सल नीट होतंही आणि नव्हतंही. साडी नुसत्या कुरियरच्या प्लास्टिक पिशवीत होती. तिचा चिकटवलेला तोंडाचा पट्टा एका कोपऱ्यात जरा सुटला होता, आणि आगळ तिथून आत शिरलं. तेव्हापासून कापड पाठवताना आधी पूर्ण सील केलेली पातळ प्लास्टिक पिशवी, तिच्यावर कुरियरची पिशवी, असं मी करते. पिशवीला दोन-तीन रुपये लागतात. पण खरा प्रश्न कापडाचा नव्हताच. आगळ बाहेर आलंच कसं, हा होता.

मला वाटलं बाटली फुटली असेल. डोंबिवलीच्या बाईंना मी फोन केला, त्यांनी बिचाऱ्यांनी दोन्ही बाटल्यांचे फोटो पाठवले. बाटल्या अखंड. पेट प्लास्टिकची बाटली, अर्ध्या लिटरची, चिरली नव्हती, चेपली नव्हती. खोकं एका अंगाने भिजून मऊ झालं होतं एवढंच. एका बाटलीचं झाकण मात्र फोटोत नीट पाहिल्यावर वेगळं दिसलं. झाकणाच्या खालच्या कडेला मिठाचं पांढरं कडं जमलं होतं, समुद्रकाठच्या खडकाला जमतं तसं.

आगळ काय असतं हे गोंयकाराला सांगायला नको, पण बांधणाऱ्याच्या नजरेने ते वेगळंच दिसतं. एप्रिल-मेमध्ये भिरंडं पिकली की ती फोडून मिठात थर लावून ठेवतात, आणि सुटलेला रस गाळून भरतात. म्हणजे तो नुसता रस नाही, आंबट आणि भरपूर मीठ विरघळलेलं पाणी आहे. भरताना बाटलीच्या तोंडावरून एखादा थेंब ओघळतो आणि आट्यांवर, म्हणजे झाकण जिथे फिरतं त्या वळ्यांवर, बसतो. पाणी सुकतं, मीठ राहतं. त्या मिठाच्या खड्यांवर झाकण बसतं तेव्हा हाताला ते घट्ट लागतं, पण आतली चकती बाटलीच्या ओठावर एका बाजूने टेकतच नाही. खड्यावर ती किंचित उचललेली राहते. उभी बाटली गळत नाही, आडवी केली की पाझरते. शिवाय मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि गोव्यातल्या श्रावणात हवेला पाण्याची कमी नसते. सकाळी कोरडी दिसलेली बाटली दुपारपर्यंत गळ्याशी ओलसर होते.

हे मी नुसतं अंदाजाने मान्य केलं नाही. वयनीकडून सहा बाटल्या मागवल्या. तिला म्हटलं, रोज भरतेस तशाच भर. तीन बाटल्यांचे आटे आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसून मी झाकणं लावली, तीन तशाच ठेवल्या. सहाही बाटल्या पांढऱ्या टिश्यूवर उलट्या उभ्या केल्या, बाजूला टेकण दिलं आणि रात्रभर ठेवल्या. सकाळी न पुसलेल्या तिघींपैकी दोघींच्या खाली टिश्यूवर जांभळी वर्तुळं होती, एक जवळजवळ रुपयाएवढं. पुसलेल्या तिन्हींच्या खाली टिश्यू कोरा. सहा बाटल्यांनी काही शास्त्र सिद्ध होत नाही, पण वयनीला दाखवायला तेवढं पुरलं. ती वर्तुळाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "गे, मी तर हातात होती ती सगळी ताकद लावून बंद केली होती."

ताकदीची गोष्ट मात्र महत्त्वाची आहे, म्हणून थोडं थांबते. प्लास्टिकचं झाकण घट्ट लावलं की पहिल्या काही तासांत ते आपोआप थोडं सैल होतं, कारण दाबाखालचं प्लास्टिक हळूहळू मागे सरतं. म्हणून आम्ही आता संध्याकाळी भरतो आणि सकाळी झाकणं पुन्हा एकदा आवळतो. पुष्कळदा पाव वळसा मिळतो. पण आणखी जोर लावून काही होत नाही. अति आवळलं तर झाकणाचे आटे सरकतात किंवा चकती चेपून फाटते, आणि मग ते झाकण कायमचं निकामी.

खरा उपाय म्हणजे तोंडावरचा फॉइलचा सील. झाकणात बसवलेली फॉइलची चकती इंडक्शनच्या मशीनने क्षणभर तापवतात, फॉइलच्या आतल्या बाजूचा प्लास्टिकचा थर वितळून बाटलीच्या ओठाला चिकटतो. हाताने चालवायची छोटी मशीनं मिळतात. वयनीने आधी ते घेतलं नव्हतं, कारण महिन्याला तीस-चाळीस बाटल्यांसाठी कोण मशीन घेणार. आता आम्ही तिघींनी मिळून एक घेतलंय आणि ते माझ्या पडवीत असतं. त्याचं एक पथ्य आहे: ओठ ओला किंवा मिठाळ असेल तर फॉइल चिकटतं असं दिसतं आणि नखाने सहज सुटतं. म्हणजे पुसण्याचं काम मशीन घेतल्यानेही चुकत नाही. प्रत्येक खेपेतली एक बाटली उघडून मी फॉइल ओढून पाहते. ते फाटत फाटत निघालं तर सील बसला, अख्खं निघालं तर नाही.

एक धोका मात्र सीलच्याही पलीकडचा आहे. कुणी मीठ कमी घालून "कमी खारट" आगळ करायला गेलं आणि ते आत आंबायला लागलं, तर वायू तयार होतो. अशी बाटली दाबून पाहिली की ती दगडासारखी कडक लागते, गळ्याशी बारीक बुडबुडे दिसतात, झाकण उघडलं की सुस्कारा येतो. अशी बाटली कितीही नीट बांधली तरी गाडीच्या उष्णतेत ती फुगणार. ती पाठवायचीच नाही. वयनीच्या जावेची अशी चार बाटल्यांची खेप मी परत केली होती. तिला राग आला, आणि तिचं म्हणणं मला कळतं, कारण चव खरंच चांगली होती.

आता खोकं. "ही बाजू वर" असा बाण काढलेला असला की आपल्याला वाटतं पार्सल बाणाप्रमाणे जाईल. जात नाही. पिकअपवाल्याच्या पिशवीत, गाडीत, मग हबमधल्या पट्ट्यावर ते कसंही पडतं, उलटं, आडवं, दुसऱ्याच्या खाली. मी बाण काढणं बंद केलेलं नाही, पण बांधते ती बाटली उलटी प्रवास करणार असंच धरून. उलट्या बाटलीची रात्र त्यासाठीच. आधी मी ती एकदाच केली होती, आता प्रत्येक खेपेची होते.

बाटली रात्र पार पाडली की तिला जाड प्लास्टिकची स्वतःची पिशवी मिळते, आत जुन्या सुती कापडाचा एक तुकडा, आणि पिशवीचं तोंड दुमडून टेपने बंद. कापड अर्धा लिटर शोषणार नाही, पाझरलं तर तेवढं टिपेल. बाकीचं पिशवी धरेल. म्हणजे बाटली गळली तरी वयनीचंच नुकसान होईल, शेजारच्या साडीचं नाही. त्यावर बबल रॅपचे दोन-तीन वळसे, बुडबुडे आतल्या बाजूला. दोन बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा उभा तुकडा, म्हणजे एकमेकींवर आपटायच्या नाहीत. रिकाम्या जागेत चुरगळलेला कोरा कागद. पूर्वी मी गोमंतक आणि तरुण भारतचे जुने अंक भरायची. आता खाण्याच्या वस्तूंच्या खोक्यात छापील कागद घालत नाही, शाई सुटते आणि घेणाऱ्यालाही ते बरं वाटत नाही.

खोक्याचा पुठ्ठा पन्हळीचा असतो. मध्ये एक लाटदार थर असेल तर तीन प्लाय, दोन लाटदार थर असतील तर पाच प्लाय. पापडाला तीन चालतो, बाटल्यांना मी पाच वापरते. लाटा उभ्या राहिल्या पाहिजेत, आडव्या नकोत. उभ्या लाटा वरचं वजन खांबासारख्या पेलतात, आडव्या लगेच बसतात. खोकं कापून पाहिलं की कळतं कुठल्या बाजूला आहेत. आमच्याकडे जूनपासून एक वेगळाच शत्रू असतो. पुठ्ठा हवेतला ओलावा पितो आणि सर्द झालेला पुठ्ठा कोरड्याच्या निम्मंही वजन पेलत नाही. माझी खोक्यांची थप्पी पूर्वी जमिनीवर असायची, खालची चार-पाच खोकी बोटाने दाबली तर खड्डा पडायचा. आता थप्पी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब, वरून प्लास्टिकने झाकलेली. बांधायच्या आधी खोक्याचा कोपरा नखाने दाबते. नख रुतलं तर ते खोकं पापडाला.

टेपही ओल्या-धुळकट पुठ्ठ्याला धरत नाही, म्हणून आधी कोरडं फडकं. मधल्या शिवणीवर एक पट्टी आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक, वरून पाहिलं तर इंग्रजी एचसारखं दिसतं. नुसती मधली पट्टी लावली की कोपरे उघडे राहतात आणि पाऊस तिथूनच आत जातो.

पहिल्या पार्सलाची परीक्षा मी घरातच घेतली. पार्सलांच्या चाचण्यांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, इस्टा. तिच्या सर्वांत साध्या चाचणीत हलकं खोकं, म्हणजे साडेनऊ किलोपर्यंतचं, ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकतात. एकदा कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर. ७६ सेंटिमीटर म्हणजे साधारण जेवणाच्या टेबलाची उंची. मी साध्या पाण्याच्या दोन बाटल्या, थोडा लाल रंग घालून, खोक्यात बांधल्या आणि टेबलाच्या काठावरून दहा वेळा पडवीच्या शहाबादी फरशीवर सोडल्या. सातव्यांदा एका बाटलीचा गळा खोक्याच्या वरच्या पाकळीला आपटल्याचा आवाज आला. उघडलं तर गळती नव्हती, पण बाटली वर सरकली होती, कारण खाली कागद चेपून बसला होता. त्या दिवसापासून तळात कागदाऐवजी दुमडलेला पुठ्ठा. तो चेपत नाही.

एवढं झाल्यावर मोठं खोकं घ्यावं आणि ठासून कागद भरावा असं कुणालाही वाटेल. मीही सुरुवातीला तेच करायची आणि वयनीला दर महिन्याला कुरियरचं बिल का वाढतं ते कळायचं नाही. कुरियर कंपनी काट्यावरचं वजन आणि जागेचं वजन, यातलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावते. जागेचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. उत्तर किलोत येतं. काही कंपन्यांचा भागाकार वेगळा असतो, म्हणून आपल्या करारात बघून घ्यावं. मग ते अर्ध्या किलोच्या पायरीवर वर ढकललं जातं.

डोंबिवलीच्या त्या पार्सलाचाच हिशेब मांडते. एक भरलेली बाटली माझ्या काट्यावर ५९० ग्रॅम. दोन मिळून ११८०. खोकं, पिशव्या, रॅप, सगळं मिळून आणखी ३०० च्या आसपास. म्हणजे काट्यावर १४८०, दीड किलोच्या आत. त्या दिवशी मी हाताशी असलेलं खोकं घेतलं होतं, ३० बाय २५ बाय २५. गुणाकार १८,७५०, भागिले ५०००, उत्तर ३.७५. पायरी चार किलोची. दीड किलोच्या मालासाठी वयनीने चार किलोचे पैसे भरले, आणि जास्तीची सगळी जागा कागदाने भरलेली होती!

आता आम्ही फोंड्याच्या खोकेवाल्याकडून ठरावीक मापाचं बनवून घेतो, बाहेरून २४ बाय १३ बाय २४. बाटली सात सेंटिमीटर जाड आणि सतरा उंच आहे, त्यामुळे चहूबाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर गादी बसते. गुणाकार ७४८८. भागिले ५००० केलं की १.४९७६. दीड किलोच्या पायरीत ते अगदी केसभराने बसतं. केसभर म्हणतेय ते मुद्दाम. कारण जरा जास्त कागद ठासला आणि खोकं एक सेंटिमीटर फुगलं, १३ चं १४ झालं, तर गुणाकार ८०६४ होतो, उत्तर १.६१, आणि पायरी दोन किलोची. हबमध्ये माप मशीन घेतं, आणि ते फुगलेल्या भागापाशी घेतं. म्हणून टेप लावल्यावर मी खोकं टेबलावर ठेवून वर सपाट पट्टी धरते. पट्टी डुलली तर खोकं फुगलंय, उघडून कागद काढायचा. माझ्या मदतीला येणाऱ्या शेजारच्या मुलीला आधी हा खुळेपणा वाटायचा. एका महिन्याची बिलं तिला शेजारी शेजारी ठेवून दाखवली, मग ती स्वतःच पट्टी शोधायला लागली.

कंपनीने लावलेलं वजन आणि आपलं वजन जुळलं नाही तर तक्रार करता येते, पण तिला मुदत असते आणि पुरावा लागतो. तीन फोटो मी प्रत्येक बाटल्यांच्या पार्सलाचे काढते: काट्यावरचा आकडा, लांबीला लावलेली टेप, उंचीला लावलेली टेप. तिन्हींत लेबल दिसलं पाहिजे. लेबल नसलेला फोटो कुठल्याही खोक्याचा असू शकतो, आणि असंच उत्तर मला एकदा मिळालं आहे.

लेबलाचं तसं फार नाही, पण दोन गोष्टींनी मला रडवलं आहे. माझा छोटा प्रिंटर थर्मलचा आहे, चार बाय सहा इंचांचं लेबल. त्यात शाई नसते, कागदच उष्णतेने काळा होतो. म्हणून लेबलांचा रोल स्वयंपाकघरात किंवा उन्हात बंद गाडीत ठेवायचा नाही, आणि तेलकट हात त्याला लावायचा नाही. खोबरेलाचा हात लागलेलं लेबल दोन दिवसांत पुसट होतं. बारकोडवरून चकचकीत टेप लावू नये, उजेड परततो आणि स्कॅनर वाचत नाही. शिवणीवर किंवा कडेवरून दुमडून लेबल लावू नये. पावसाळ्यात मी पूर्ण खोकं पारदर्शक पिशवीत घालते आणि लेबल त्या पिशवीवर लावते. खोक्याच्या आतही एक साधी चिठ्ठी असते, नाव, पत्ता, फोन. बाहेरचं लेबल गेलं तर पार्सल अनाथ होऊ नये.

दुसरी गोष्ट अदलाबदलीची. एका दुपारी दहा लेबलं एकदम छापून मी ओळीने लावत गेले आणि काकींचे पापड नाशिकऐवजी बेळगावला, मेणबत्त्या बेळगावऐवजी नाशिकला. दोन्ही खोकी सारखीच. तेव्हापासून एक खोकं बंद, एक लेबल छापलं, एक लेबल लागलं, मगच पुढचं. वेळ थोडा जास्त जातो.

आणि मग पिकअप. शहरातल्या लोकांना कळत नाही की आमच्याकडे पत्ता म्हणजे रस्ता आणि नंबर नसतो. वाडा असतो, देऊळ असतं, "फणसाच्या झाडाकडून आत" असतं. फोंड्याच्या परिसरातला पिन कोड ४०३ ने सुरू होतो एवढं नक्की, पुढे पिकअपच्या मुलाला फोनवरूनच आणावं लागतं. नवीन मुलगा आला की मी पहिल्या दिवशी म्हाळसेच्या देवळाच्या कमानीपाशी जाऊन उभी राहते आणि त्याला घरापर्यंत घेऊन येते. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः येतो. तसं केलं नाही की संध्याकाळी स्क्रीनवर "पार्सल तयार नव्हतं" असा शेरा दिसतो, आणि पार्सलं मात्र पडवीत नीट रांगेत असतात.

त्याच्याशी माझं एकच भांडण होतं, आणि ते मी सोडत नाही. प्रत्येक पार्सल त्याने माझ्यासमोर, उंबऱ्याच्या आत स्कॅन करायचं. घाईत असला की तो म्हणतो, "काकी, हबवर करतो ना, सगळी एकदम." हबवर नको. एकदा मी ऐकलं होतं. सोळा पार्सलं गेली आणि हबवर पंधरा स्कॅन झाली. सोळावं माझ्याकडून गेलं याचा कुठेही कागद नव्हता. पहिला स्कॅन होईपर्यंत ते पार्सल कंपनीच्या लेखी आपल्याच घरात असतं, आणि हरवलं तर जबाबदारी आपली. म्हणून आता यादीची दोन पानं असतात, किती पार्सलं ते आकड्यात आणि अक्षरात, त्याची सही आणि वेळ. स्कॅन झालेलं उजवीकडे, न झालेलं डावीकडे. शेवटी डावी बाजू रिकामी झाली की मग पिशवीत. चार-पाच मिनिटं जास्त जातात. पावसात भिजत उभ्या राहिलेल्या मुलाला ती फार असतात, हे मी जाणते, म्हणून त्याला चहा आणि कोरडं फडकं पडवीत तयार असतं.

पातळ पदार्थ हवाई मार्गाने पाठवायला बहुतेक कुरियर तयार नसतात, कारण उंचीवर बाहेरचा दाब कमी होतो आणि बाटलीतली हवा बाहेर ढकलायला बघते. आगळ रस्त्यानेच जातं. लेबल काढताना रस्त्याने पाठवायची खूण चुकली की पार्सल अडकतं किंवा परत येतं, आणि परत येण्याचे पैसेही आपल्याच माथी. वयनीच्या ग्राहकांना मी आधीच सांगून ठेवलंय की चवथीसाठी हवं असेल तर श्रावण संपायच्या आत सांगा.

साडीचे पैसे मी आणि वयनीने अर्धे-अर्धे दिले. फोंड्याची मुलगी आधी घेईना. मी म्हटलं, तुझं पार्सल माझ्या पिशवीत पडलं म्हणून बाद झालं, हे पैसे तुझेच आहेत. डाग लागलेली साडी तिने स्वतःकडे ठेवली. तिने ती दोनदा धुतली, मीठ गेलं, रंग गेला नाही.

यंदा चवथीआधीची पहिली खेप काल आली. चोवीस बाटल्या, सगळ्यांचे आटे वयनीने स्वतः पुसून पाठवले होते. मी तरीही पुसले. रात्री सगळ्या पडवीच्या टेबलावर उलट्या उभ्या राहिल्या, शेजारी फोंड्याच्या मुलीच्या तीन साड्या सील करून ठेवलेल्या, आणि बाहेर पाऊस. पहाटे उठून दिवा लावला आणि टिश्यू एकेक करून पाहिले. तेविसाव्या बाटलीखाली बारीक ठिपका होता. ती बाजूला काढली, झाकण उघडलं. चकती एका बाजूने दुमडलेली होती. ती बाटली आज आमच्या सोलकढीला, आणि बाकी तेवीस साडेचारच्या पिकअपला.